रिकामी जागा आणि तिचे शेजारी : शब्दसिद्धीच्या प्रश्नांचा भाग

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलताना जे 'म्हणजे', 'तर', 'बघा' येतात ते थोडे कापलेत, बाकी तसंच ठेवलंय. कागद-पेन जवळ असेल तर बरं. बसमध्ये असाल तरी चालेल, मध्ये एक उतारा येईल तेवढा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

गेल्या आठवड्यात तलाठी भरतीची तयारी करणाऱ्या एका ताईचा व्हॉइस मेसेज आला. तिने सराव प्रश्नसंचातला एक प्रश्न वाचून दाखवला. वाक्य असं : 'त्यांच्या बोलण्यात ____ होते.' कंसात मूळ शब्द 'गंभीर'. पर्याय चार : गंभीरता, गंभीरपणा, गांभीर्य, गांभीर्यता. ताई म्हणाली, "दादा, मला चारही बरोबर वाटतात. यात उत्तर एकच कसं?"

प्रश्न अगदी रास्त आहे. आणि ज्यांना वाटतं एवढ्याशा प्रश्नाने काय होतंय, त्यांना आठवण करून देतो : २०२३च्या तलाठी भरतीत मराठीचे २५ प्रश्न होते, प्रत्येकी २ गुणांचे. गुणवत्ता यादीत दोन गुणांच्या फरकात किती जण बसलेले असतात, ते ज्यांनी यादी उघडून आपलं नाव शोधलंय त्यांना विचारा.

तर ताईचा प्रश्न. बहुतेक जण काय करतात? कंसातल्या 'गंभीर'कडे बघत बसतात. त्याला कुठला प्रत्यय लागतो ते आठवायचा प्रयत्न करतात. आता 'गंभीर'ला तर तीन प्रत्यय लागतात आणि तिन्ही शब्द मराठीत आहेत. मग गोंधळ होणारच. माझं म्हणणं आहे की कंसाकडे नंतर बघा. आधी रिकाम्या जागेच्या शेजाऱ्यांकडे बघा. मराठीत शेजारी फार बोलके असतात.

इथे शेजारी कोण? 'होते'. 'होता' नाही, 'होती' नाही. म्हणजे येणारा शब्द नपुंसकलिंगी हवा. आता पर्याय बोलून बघा. गंभीरता कशी? ती गंभीरता, म्हणून गंभीरता होती. गंभीरपणा कसा? तो गंभीरपणा, म्हणून गंभीरपणा होता. गांभीर्य कसं? ते गांभीर्य. गांभीर्य होते. संपलं! चौथ्या पर्यायाकडे आपण येणार आहोत, पण तो 'ता'वर संपतो, म्हणजे 'होते'शी त्याचंही जमत नाही.

एक छोटी युक्ती. छापील मराठीतलं 'होते' जरा फसवं आहे, कारण 'ते मुलगे होते' यातही तेच 'होते' येतं. म्हणून वाक्य मनात बोलीत म्हणा. 'बोलण्यात गांभीर्य होतं' असं म्हणता आलं, तर ते नपुंसकलिंगी एकवचन. 'मुलगे होतं' असं आपण म्हणत नाही. परीक्षा प्रमाण मराठीची असली तरी बोलीचा कान असा मधूनच कामाला येतो.

म्हणजे लक्षात काय ठेवायचं, तर प्रत्यय एकटा येत नाही, आपलं लिंग सोबत घेऊन येतो. 'ता' लागला की शब्द स्त्रीलिंगी : नम्रता, विविधता, मानवता. 'पणा' लागला की पुल्लिंगी : साधेपणा, वेडेपणा, चांगुलपणा. तेच नुसतं 'पण' असेल तर नपुंसकलिंगी : बालपण, शहाणपण. 'य' आणि 'त्व' नपुंसकलिंगी : सौंदर्य, शौर्य, नेतृत्व. शेवटी 'ई' किंवा 'की' आली तर बहुधा स्त्रीलिंगी : गरिबी, हुशारी, माणुसकी. आणि 'वा' पुल्लिंगी : गोडवा, ओलावा, गारवा. हे पाठ करायची गरजही नाही. शब्दाच्या आधी तो, ती, ते लावून बघितलं की मराठी कान आपोआप सांगतो.

आता तो चौथा पर्याय, 'गांभीर्यता'. पेपर काढणाऱ्यांचा हा लाडका सापळा आहे. 'सौंदर्यता', 'औदार्यता', 'ऐक्यता', 'धैर्यता' ही सगळी त्याचीच भावंडं. चूक कुठे आहे ती बघा. गंभीर हे विशेषण. त्याला 'य' लागून गांभीर्य हे भाववाचक नाम झालं. म्हणजे विशेषणाचं नाम करायचं काम पूर्ण झालं. त्यावर पुन्हा 'ता' लावणं म्हणजे शर्टावर शर्ट. असा शब्द ओळखायचा कसा? 'ता' काढून टाका आणि जे उरेल ते एखाद्या नामाच्या आधी विशेषण म्हणून लावून बघा. 'नम्रता'तून 'नम्र' उरतं : नम्र मुलगा, जमलं. 'विविधता'तून 'विविध' : विविध रंग, जमलं. 'सौंदर्यता'तून 'सौंदर्य' : सौंदर्य मुलगी? नाही जमत. म्हणजे सौंदर्य हेच नाम आहे, त्याला शेपटी नको. 'मानवता', 'मित्रता' अशा काही शब्दांत 'ता' थेट नामाला लागलाय, तिथे ही चाचणी चालत नाही. पण ती माणसांची नामं आहेत. मानव, मित्र. गुणांची नाहीत. सापळ्यात येतात ते शब्द नेहमी गुणांचे असतात.

गंभीरचं गांभीर्य होताना 'गं'चा 'गां' झाला, तो का? हे एकदा समजलं की शुद्धलेखनाचे कितीतरी प्रश्न सुटतात, म्हणून इथे जरा थांबू.

संस्कृतातून आलेले 'य' आणि 'इक' हे प्रत्यय लागले की शब्दाचा पहिला स्वर फुगतो. पाणिनीने हा नियम फार पूर्वी सांगून ठेवलाय, त्याला वृद्धी म्हणतात. अ चा आ होतो : समाज, सामाजिक. इ, ई किंवा ए चा ऐ होतो : इतिहास, ऐतिहासिक, नीती, नैतिक, एक, ऐक्य. उ, ऊ किंवा ओ चा औ होतो : उद्योग, औद्योगिक, भूगोल, भौगोलिक, शूर, शौर्य. फुगतो तो फक्त पहिला स्वर. हे 'फक्त' फार महत्त्वाचं आहे. परंपरा पासून पारंपरिक. पहिला 'प' तेवढा 'पा' झाला, दुसरा 'प' होता तसाच. पण दुकानांच्या पाट्यांवर, लग्नाच्या पत्रिकांवर आणि बातम्यांतसुद्धा 'पारंपारिक' दिसतं. कानाला ते गोड लागतं, कारण दोन्हीकडे 'पा' आला की ठेका जमतो. गुण मात्र जातो. उलटी चूक 'व्यवहार'ची. तिथे पहिला स्वर फुगवायचा राहून जातो आणि 'व्यवहारिक' लिहिलं जातं. बरोबर आहे व्यावहारिक.

नियमाबाहेरचे शब्दही आहेत. रसिक, धनिक, श्रमिक, क्रमिक यांत पहिला स्वर फुगलेला नाही. 'रासिक' कोणी म्हणत नाही. हे थोडे आहेत आणि रोजच्या वापरातले आहेत, त्यामुळे परीक्षेत फारसा त्रास देत नाहीत.

'उ'वर संपणाऱ्या शब्दांचा एक वेगळाच छोटा कळप आहे, मला तो फार आवडतो. गुरु, गौरव. लघु, लाघव. मृदु, मार्दव. शिशु, शैशव. इथेही पहिला स्वर फुगला, आणि शेवटचा 'उ' जाऊन 'अव' आला. 'मृदु'मधल्या ऋ चा 'आर्' झाला, म्हणून मार्दव. कंसात 'मृदु' आणि वाक्यात 'त्यांच्या वागण्यात ____ होते' असं आलं तर अनेक जण 'मृदुता' लिहून मोकळे होतात. शब्द चांगलाच आहे, पण शेजारी 'होते' बसलंय. मार्दव हवं.

आता सरळ एक उतारा घेऊ. हा मी या भागासाठी तयार केलाय. भरतीच्या पेपरांत असे प्रश्न बहुधा एकेका वाक्यात आणि पर्यायांसह येतात, पण सरावाला उतारा बरा, कारण पर्याय नसले की डोकं चालवावं लागतं. आधी स्वतः सोडवा.

'आमच्या गावचे वाचनालय ही (१) ____ [इतिहास] वास्तू आहे. तिथल्या ग्रंथपालबाईंच्या आवाजात (२) ____ [गोड] होता आणि त्यांनीच आम्हा मुलांना वाचनाची (३) ____ [गोड] लावली. पण नियम सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर एकदम (४) ____ [गंभीर] यायचे. पुस्तके वेळेवर परत न करणाऱ्या (५) ____ [शिस्त] सभासदांना त्या दंड करत. एका पावसाळ्यात आलेला पूर (६) ____ [अपेक्षा] होता. कोणी काहीच तयारी केली नव्हती. तरी गावकऱ्यांच्या (७) ____मुळे [एक] बहुतेक पुस्तके वाचली.'

झालं? चला बघू.

पहिली जागा. उजवीकडे 'वास्तू' हे नाम आहे, म्हणजे इथे त्या नामाबद्दल सांगणारं विशेषण हवं. इतिहासाचं विशेषण ऐतिहासिक. 'इतिहासिक' लिहिलं असेल तर वर जाऊन वृद्धीचा परिच्छेद पुन्हा वाचा.

दुसरी आणि तिसरी एकत्र घेऊ, कारण मूळ शब्द एकच आहे आणि उत्तरं दोन. आवाजात काय होता? 'होता' म्हणजे पुल्लिंगी. गोडवा. कोणी 'गोडपणा' लिहिलं असेल तर व्याकरण चुकलेलं नाही, तोही पुल्लिंगीच आहे. पण आपण आवाजाचा, बोलण्याचा गोडवा म्हणतो. आंब्याचा किंवा चहाचा गोडपणा म्हणतो. पर्यायांत दोन्ही दिले असतील तर गोडवा निवडा. तिसऱ्या जागेला मात्र दोन शेजारी साक्षीला आहेत. डावीकडे 'वाचनाची', उजवीकडे 'लावली'. दोन्ही स्त्रीलिंगी. शिवाय अर्थही बदललाय, इथे चवीचा संबंध नाही, आवडीचा आहे. गोडी. वाचनाची गोडी लावली.

चौथी आता तुम्हीच सांगाल. 'यायचे', बोलीत 'यायचं'. गांभीर्य.

पाचवीत पुढे 'सभासदांना' आहे, म्हणजे विशेषण हवं. 'शिस्त'चं सरळ विशेषण शिस्तबद्ध किंवा शिस्तप्रिय होईल. पण ही माणसं पुस्तकं वेळेवर परत करत नाहीत! वाक्यातलं 'न करणाऱ्या' हेच सांगतंय. म्हणून बेशिस्त. उपसर्गाची गरज आहे का, हे कंसातला शब्द कधीच सांगत नाही, वाक्याचा अर्थ सांगतो.

सहाव्या जागेवर बरेच जण अडकतात. 'अपेक्षा' हे नाम आहे आणि 'पूर ____ होता' या जागी विशेषण हवं. म्हणून 'अपेक्षित'. व्याकरण खूश, वाक्य वाचायलाही छान, आणि विद्यार्थी पुढे जातो. पण त्यानंतरचा तुकडा वाचा : 'कोणी काहीच तयारी केली नव्हती.' अपेक्षित पुराची तयारी करतात की! म्हणजे अर्थ उलटा हवा. अनपेक्षित. इथे दोन पायऱ्या आहेत, आधी मागे 'इत' लावून विशेषण करायचं आणि मग पुढे नकार लावायचा. आणि नकार 'अ' न होता 'अन' का झाला? संस्कृत शब्द व्यंजनाने सुरू होत असेल तर 'अ' लागतो : अशक्य, अनियमित. स्वराने सुरू होत असेल तर 'अन्' लागतो आणि तो स्वर त्याला जोडला जातो : अन् अधिक अपेक्षित, अनपेक्षित; अन् अधिक आदर, अनादर; अन् अधिक उचित, अनुचित.

म्हणून रिकाम्या जागेवर थांबून उत्तर लिहायचं नाही. पूर्णविराम येईपर्यंत वाक्य वाचायचं. उतारा असेल तर पुढचं वाक्यही. पण, तरी, उलट, नव्हती, न करता असे शब्द दिसले की एकदा थबकायचं.

सातवी जागा. इथे शेजाऱ्यांनी तोंडाला कुलूप लावलंय. 'गावकऱ्यांच्या' या शब्दावरून लिंग कळत नाही, कारण पुढे 'मुळे' आल्यावर तो, ती, ते तिन्हींच्या आधी 'च्या'च येतं. त्यामुळे एकी, एकता, ऐक्य, एकोपा, सगळे चालतील. पर्यायाशिवाय विचारलं तर यातलं कुठलंही लिहा. पण जसंच्या तसं नाही लिहायचं. 'मुळे' जोडताना शब्दाचं सामान्यरूप होतं : एकीमुळे, एकतेमुळे, ऐक्यामुळे, एकोप्यामुळे. 'ऐक्यमुळे' लिहिलं की चुकलं. ही चूक मोबाइलवर टाइप करणाऱ्यांत जास्त दिसते. कीबोर्ड 'ऐक्य' सुचवतो, आपण तो निवडतो आणि पुढे 'मुळे' चिकटवतो.

उपसर्गांबद्दल अजून थोडं. क्लासच्या नोट्समध्ये एक नियम फिरतो, की फारसी-अरबी उपसर्ग फारसी-अरबी शब्दालाच लागतात आणि संस्कृत उपसर्ग संस्कृत शब्दाला. अर्धा खरा आहे. 'हजर'चं उलट गैरहजर, 'अहजर' नाही. 'शक्य'चं उलट अशक्य, 'बेशक्य' नाही. पण मराठीने हा नियम काही फार मनावर घेतलेला नाही. गैर हा अरबीतून आलेला, तरी गैरसमज, गैरसोय, गैरवर्तन हे शब्द आपण रोज वापरतो. बे हा फारसी, तरी बेभान. त्यामुळे नियमावर अवलंबून पर्याय उडवू नका.

त्यापेक्षा अर्थ बघा. नकार दोन प्रकारचा असतो : एखादी गोष्ट नसणं आणि एखादी गोष्ट वाईट किंवा चुकीची असणं. 'उपयोग' हा शब्द घ्या. 'गंजलेली ती मोटार आता ____ आहे.' इथे उपयोग नाही, म्हणून निरुपयोगी. 'अधिकाऱ्याने पदाचा ____ केला.' इथे उपयोग झालाय, पण वाईट. दुरुपयोग. निर् म्हणजे शिवाय, दुर् म्हणजे वाईट. 'गैरसमज'सुद्धा असाच. त्याचा अर्थ समज नसणं असा नाही, चुकीचा समज असणं असा आहे. कंसात 'समज' आणि पुढे 'दोघांत ____ झाला' असं असेल तर त्यांना समजलंच नाही असं नाही, भलतंच समजलं.

जोडाच्या जागी अक्षर बदलतं त्याबद्दल एकच गोष्ट सांगतो, कारण ती सर्वांत जास्त गुण खाते. गरीब लिहिताना 'री' दीर्घ, पण गरिबी लिहिताना 'रि' ऱ्हस्व. वकील, वकिली. माणूस, माणुसकी. प्रत्यय लागल्यावर शेवटून दुसरं दीर्घ अक्षर ऱ्हस्व होतं. मात्र शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आलेला असेल, म्हणजे तत्सम असेल, तर ते दीर्घच राहतं. शरीर, शारीरिक. नवीन, नावीन्य. प्रवीण, प्रावीण्य. आता तुमच्या कपाटातलं एखादं 'प्राविण्य प्रमाणपत्र' काढून बघा, 'वि' ऱ्हस्व छापलेला सापडायची बरीच शक्यता आहे!

आणि 'त्व'चा तो नेहमीचा वाद : महत्त्वमध्ये त किती? मूळ शब्द 'महत्', त्याच्या शेवटी त् आहेच. त्याला 'त्व' जोडला की दोन त झाले, महत्त्व. तसंच सत्त्व, तत्त्व, व्यक्तिमत्त्व. पण 'नेतृ'च्या शेवटी सुटा त् नाही, म्हणून नेतृत्व. प्रभूचं प्रभुत्व. म्हणजे 'त्व' बाजूला काढायचा आणि मागे काय उरतं ते बघायचं.

ज्यांना यात अजून खोल जायचंय त्यांनी मो. रा. वाळंबे यांच्या 'सुगम मराठी व्याकरण व लेखन' या पुस्तकातलं शब्दसिद्धीचं प्रकरण वाचावं. बहुतेक अभ्यासिकांमध्ये त्याची हाताळून मऊ झालेली एक तरी प्रत असतेच.

जाता जाता तीन वाक्यं देतो. मूळ शब्द तिन्हींत 'चतुर'. 'तिच्या उत्तरात ____ होते.' 'तिची ____ सगळ्यांना आवडली.' 'तिने ____ने वेळ मारून नेली.' तिसऱ्यात शेजारी गप्प आहेत, तिथे काय काय बसतं आणि 'ने'च्या आधी त्याचं रूप काय होतं, तेही लिहा. उत्तरं व्हॉइस मेसेजने पाठवा, पुढच्या भागाच्या सुरुवातीला ऐकवतो.